पाच की एस?

अकोल्याच्या दुकानाचं हातानं लिहिलेलं बिल आज अमरावतीत संगणकावर चढवलं. जीएसटी क्रमांकातलं पाचवं चिन्ह ५ की एस, कळेना. पण पंधरापैकी पहिले दोन २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचे दहा पॅनचे, त्यात आधी पाच अक्षरं. म्हणजे तिथे एसच. हाच घोळ तेराव्या जागी असता तर साच्यावरून कळलं नसतं; तिथे शेवटच्या तपासचिन्हाचाच आधार.

मग हिशेब. पाइप ७,४५० रुपयांचे, कर १८ टक्के. व्यवहार राज्यातलाच, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा प्रत्येकी ६७०.५०; एकूण ८,७९१. बिलावर मात्र ८,९७१! फरक १८०, त्याला नऊनं भाग जातो. शेजारचे आकडे उलटसुलट झाले की असंच होतं. तरी परस्पर खोडलं नाही. दुकानदाराला फोन करून दुरुस्त बिल मागितलं.