स्फिंक्स, तुतनखामेन आणि शिवणयंत्राचे वय

जुन्या सिंगर शिवणयंत्रावर सोनेरी स्फिंक्सचे चित्र दिसले की ते १९२२ नंतरचे, असे ठामपणे सांगणारे अनेक जण भेटतात. तर्क वरवर पटण्याजोगा आहे: नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनची समाधी सापडली, जगाला इजिप्तचे वेड लागले आणि ते वेड यंत्रांवरही उतरले. एका मैत्रिणीच्या घरी या तर्काने एक कौटुंबिक आठवणच खोटी ठरू पाहत होती.

घरात सांगत आले ते असे: १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पणजोबा गेले आणि पणजीने या यंत्रावर चोळ्या-परकर शिवून मुले वाढवली. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने स्फिंक्सकडे बोट दाखवून, ‘हे त्या काळी अस्तित्वातच नव्हते,’ असे सांगितले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ते यंत्र दाखवण्यात आले.

आधी चित्राचे पाहू. ही चित्रे हाताने रंगवलेली नसतात. कागदावर छापलेले डेकल काळ्या रंगावर चिकटवून त्यावर रोगण चढवलेले असते. एकदा पसंतीस उतरलेली नक्षी कारखाने वर्षानुवर्षे चालवत. सिंगरची स्फिंक्सची नक्षी, जिला संग्राहक ‘मेम्फिस’ म्हणतात, ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील यंत्रांवरही आढळते. इजिप्तची हौस युरोपला नेपोलियनच्या स्वारीपासूनच होती. तुतनखामेनने तिला फक्त नवी फोडणी दिली. म्हणजे नक्षीवरून यंत्राचे घराणे कळते, जन्मवर्ष नव्हे.

खरा पुरावा यंत्राच्या उजव्या बाजूस, खांबाच्या पायथ्याशी असलेल्या बैठकीवर ठोकलेला असतो. १९०० पासून सिंगरने अनुक्रमांकाच्या आधी इंग्रजी अक्षर देण्यास सुरुवात केली. निव्वळ आकडे असतील तर यंत्र बहुधा त्याआधीचे. आमच्या यंत्रावर रोगण आणि तेलाचा इतका थर होता, की पहिले अक्षर ‘पी’ आहे की ‘एफ’ हे कळेना. फरक लहान नव्हता, कारण दोन्ही अक्षरे स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्याचीच. पण ‘पी’ १९१० पूर्वीचे आणि ‘एफ’ १९१० पासून १९२१ च्या सुमारापर्यंतचे. अशा वेळी खरवडू नये. सोनेरी नक्षी लगेच उडते. मऊ कापडाने थोडे तेल लावून पुसले, खळग्यांत खडूची पूड भरली आणि विजेरी आडवी धरली. ‘पी’चे पोट कुठेच उमटले नाही. अक्षर ‘एफ’च होते.

एवढ्यावर थांबले नाही. सुईजवळची सरकती पट्टी बाजूला केली. आत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल आणि त्यात लांबट, बारीक बॉबिन निघाले; हे २७ क्रमांकाच्या कुळातले लक्षण. याच कुळातल्या पुढच्या १२७ क्रमांकाच्या यंत्रात शटल वर उचलणारी कळ आहे आणि ते मॉडेल १९१२ च्या सुमारास आले. इथे तशी कळ नव्हती. मात्र या अभावावर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण जुनी रचना नव्या रचनेच्या बरोबरीने बराच काळ बनत राहिली. कळ असती तर खालची मर्यादा मिळाली असती. नसल्याने यंत्राचे ‘एफ’शी वैर नाही, एवढेच ठरले.

बिडाच्या पायट्याच्या स्टँडला मी साक्षीदार म्हणून बोलावलेच नाही. स्टँड आणि वरचे यंत्र वेगळे होतात, बिजागऱ्यांची मापे जुळतात आणि दुरुस्ती करणारे हवे तसे अदलाबदल करतात. स्टँडवर ओतलेल्या तारखा पेटंटच्या असतात, बनावटीच्या नव्हेत.

तेव्हा यंत्राचा काळ १९१० ते सुमारे १९२१. विक्रेत्याचा आक्षेप तिथेच संपतो. तरी ‘एफ’ने पणजीची कथा सिद्ध केली, असे मी म्हणू शकत नाही. अनुक्रमांकांचे गट कारखान्याला आगाऊ नेमून दिले जात. १८५१–१९५१ असा शताब्दीचा बिल्ला मिरवणारी कित्येक यंत्रे नोंदवहीत १९५१ च्या आधीची निघतात, ती म्हणूनच. त्यातून यंत्र जहाजाने मुंबईत यायचे, दुकानात राहायचे, कधी दुसऱ्या हातानेही घरात यायचे. अनुक्रमांक कारखान्याचे दार दाखवतो, घराचा उंबरठा नव्हे.

त्यासाठी आता पावती शोधते आहे. सिंगर यंत्रे हप्त्याने विकत असे, आणि मैत्रिणीच्या आजीला आठवते, की पेटीत ‘हप्त्याची वही’ होती. माळ्यावरच्या दोन ट्रंका अजून उघडायच्या आहेत.