अर्जातले दोन शब्द

डिचोली तालुक्यातील एका गावातून सत्तरी ओलांडलेल्या एक विधवा काकी काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी घरपट्टीच्या जुन्या पावत्यांची गुंडाळी काढली आणि तिच्यासोबत मराठीत लिहिलेला एक अर्ज पुढे ठेवला. तो ग्रामपंचायतीला उद्देशून होता. घरात नळ घ्यायचा होता आणि पाणीपुरवठा कार्यालयाने पंचायतीचा ना-हरकत दाखला मागितला होता. दारची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठत असे. अर्ज घेऊन त्या पंचायतीत दोनदा जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा तोंडी उत्तर मिळाले होते, "भाटकाराची संमती आणा." अर्ज मात्र कोणी ठेवून घेतला नव्हता.

तो ठेवून घेतला गेला नाही, हे त्यांचे नशीबच म्हणावे लागेल. भाच्याने लिहिलेला अर्ज भाषेच्या दृष्टीने स्वच्छ होता, अक्षरही सुंदर होते. पण त्यात दोन शब्द असे होते की पंचायतीच्या आवक शिक्क्यानिशी ते दफ्तरी जमा झाले असते, तर नळाबरोबर घरही हातचे जाण्याची वेळ आली असती. पहिला शब्द "भाडेकरू" आणि दुसरा "अनधिकृत".

आमच्याकडे पुष्कळ घरांत बोलणे कोकणीत आणि लिहिणे मराठीत चालते. सीमाभागातील वाचकांना हे नवे वाटणार नाही. घरची बोली एक आणि अर्जाची भाषा दुसरी, हा अनुभव बेळगाव-खानापूरकडेही आहे. आमच्याकडची कायदेशीर स्थिती मात्र निराळी आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषा ठरवले आणि त्याच कायद्यात मराठीचाही शासकीय कामकाजासाठी वापर करण्याची तरतूद केली. शिवाय गाऱ्हाणे मांडणारे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा अर्ज मराठीत होता म्हणून अडचण नव्हती. बोलण्यातला शब्द लिहिताना तसाच उतरला आणि लिहिलेल्या शब्दाला कायद्याने आधीच एक ठरावीक अर्थ दिलेला होता, ही खरी अडचण होती.

"भाडेकरू" कोठून आले, असे मी विचारले. काकी म्हणाल्या, "वकीलबाब, आमी भाडें दितालीं म्हणून सांगलें, तेंच ताणें बरयलें." भाडे म्हणजे काय देत होतात, हे विचारल्यावर उलगडा झाला. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून वर्षाला काही नारळ भाटकाराच्या घरी पोचवायचे आणि पाडेलीच्या दिवसांत कुळागरात चार दिवस राबायचे, अशी रीत होती. पैसा कधीच दिला नव्हता. घर सासऱ्यांनी भाटकाराच्या परवानगीने त्याच्याच जमिनीत स्वतः मातीने बांधले होते आणि घरपट्टी आजही सासऱ्यांच्या नावावर भरली जात होती.

म्हणजे हे कुटुंब मुंडकार होते. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यानुसार भाटकाराच्या संमतीने राहत्या घरात कायम वास्तव्य असलेली व्यक्ती मुंडकार ठरते. तिच्यावर भाटकाराची सेवा करण्याचे बंधन असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. कायदा करणाऱ्यांना ती नारळाची आणि राबण्याची रीत ठाऊक होती, म्हणूनच हे शब्द व्याख्येत आले. घरासाठी भाटकाराला भाडे देणाऱ्याला मात्र त्याच व्याख्येने बाहेर ठेवले आहे. मुंडकाराला घरातून काढता येत नाही, शिवाय घर आणि त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. भाडेकरूला यातले काही मिळत नाही. काकींनी सेवेला भाडे म्हटले, भाच्याने भाडे देणाऱ्याला भाडेकरू म्हटले. अशा दोन पायऱ्यांत एक कुटुंब कायद्याच्या छपराबाहेर आले.

दुसऱ्या शब्दामागे भाच्याचा अभ्यास होता. मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये दिलेला निर्णय त्याच्या वाचनात आला होता. पिण्याचे पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदेशीर आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. गोवा याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो, म्हणून निर्णयाचा आधार घेणे चूक नव्हते. परंतु आधार घेताना त्याने लिहिले, "आमचे घर अनधिकृत असले तरी पाणी मिळण्याचा आम्हाला हक्क आहे."

हे घर अनधिकृत असल्याचा निर्वाळा कोणीच दिला नव्हता. काकींनी तो स्वतःच्या सहीने दिला असता. कबुली हा निर्णायक पुरावा नसतो, हे खरे. तरी ती एकदा कागदावर आली की खोडून काढण्याचे ओझे कबुली देणाऱ्यावर पडते. उद्या मामलेदारांपुढे मुंडकार म्हणून नोंदीचा अर्ज गेला, तर समोरचा वकील पंचायतीतून याच कागदाची प्रमाणित प्रत काढील आणि विचारील, "तुम्हीच लिहिलेत ना, भाडेकरू म्हणून? तुम्हीच म्हणालात ना, घर अनधिकृत म्हणून?" शिवाय उच्च न्यायालयाने त्या निर्णयात पाणी मिळाल्याने बांधकामाला कोणताही हक्क प्राप्त होत नाही, हेही स्पष्ट केले आहे. ज्याच्याजवळ दुसरा आधार नाही, त्याने त्या निर्णयाचा आसरा घ्यावा. ज्याच्याजवळ मुंडकारपणाचा भक्कम आधार आहे, त्याने तो सोडून तिकडे धावू नये.

आता पंचायतीच्या उत्तराकडे वळू. ना-हरकत या शब्दातच त्याची मर्यादा आहे. अर्जदाराला नळ दिल्यास पंचायतीला अडचण नाही, एवढेच तो दाखला सांगतो. जमीन कोणाची, घर कोणाचे, यावर तो काही बोलत नाही आणि बोलण्याचा पंचायतीला अधिकारही नाही. मुंडकार कोण, हे मामलेदार ठरवतात. मालक कोण, हे दिवाणी न्यायालय ठरवते. रहिवासी दाखल्याचेही तसेच. अमुक व्यक्ती अमुक घर क्रमांकात राहते, ही वस्तुस्थिती त्यात नोंदलेली असते. (गोव्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ही वेगळी गोष्ट, तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. दोन्हींना लोक "रेसिडेन्स" म्हणतात आणि चुकीच्या दारी रांग लावतात.) "राहते" या क्रियापदाला मालकाच्या संमतीची गरज नसते.

मालकाची संमती हीच पहिली अट धरली तर काय होते, हे आमच्याच तालुक्यातील मये गावाने दाखवले आहे. मुक्तीनंतर तेथील मोठी मालमत्ता निर्वासित मालमत्ता ठरून १९६४ च्या कायद्याखाली सरकारी कस्टोडियनच्या हाती गेली. मालक पोर्तुगालमध्ये आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे गावात, अशी स्थिती अनेक दशके राहिली. शेवटी २०१४ मध्ये जमिनीवरील जुने मालकी हक्क रद्द करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. तोपर्यंत ती माणसे कोणाच्या जमिनीत राहत होती याचे उत्तर अवघड होते. ती मयेत राहत होती, याविषयी कोणाला शंका नव्हती.

मी काकींचे दोन वेगळे अर्ज तयार केले. पहिला केवळ रहिवासी दाखल्याचा होता. दुसऱ्याचा गाभा असा:

"मी वरील घर क्रमांकात माझ्या सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेल्या वास्तव्याने राहते. या घराची घरपट्टी पंचायत नियमित स्वीकारत आली असून पावत्या सोबत जोडल्या आहेत. घरी पिण्याच्या पाण्याची नळजोडणी घेण्यास ना-हरकत दाखला मिळावा. मुंडकार म्हणून मला असलेले सर्व हक्क अबाधित ठेवून हा अर्ज करीत आहे; या दाखल्याच्या आधारे जमिनीवर कोणताही नवा हक्क मी सांगणार नाही. दाखला नाकारावयाचा झाल्यास कारणांसह लेखी कळवावे."

यात भाडे नाही, अनधिकृत नाही, मालक नाही. "माझ्या मालकीचे घर" असेही मुद्दाम लिहिले नाही, कारण तसे लिहिताच पंचायत मालकीचा कागद मागते आणि वाद नको तिथे सुरू होतो. नवा हक्क सांगणार नाही, हे वाक्य भाटकाराच्या हरकतीला आधीच दिलेले उत्तर आहे. जुने हक्क अबाधित ठेवून, हे वाक्य काकींच्या संरक्षणासाठी आहे. ही दोन्ही वाक्ये जोडीनेच यायला हवीत. पहिले एकटे ठेवले तर ते हक्क सोडल्यासारखे वाचले जाऊ शकते.

शेवटच्या ओळीचा उपयोग सर्वांत आधी झाला. दोन प्रती करून काकी पंचायतीत गेल्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय उठल्या नाहीत. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही आणि लेखी नकार देताना सही करणाऱ्याला कारण शोधावे लागते. "भाटकाराची संमती नाही" हे कारण सचिवांना लिहिता आले नसावे. रहिवासी दाखला त्याच आठवड्यात मिळाला. ना-हरकत दाखल्याला महिन्याहून अधिक काळ लागला. अर्ज मराठीत असूनही दाखला इंग्रजी छापील नमुन्यावर आला आणि खाली शिक्क्याने एक अट उमटवली होती की, यामुळे जमिनीवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. काकींना ती अट वाचता येईना. मी ती मराठीत समजावून सांगितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे तर आम्हीच लिहिले होते."

नळ पावसाळ्याच्या तोंडावर आला. मुंडकार म्हणून नोंद करण्याचा अर्ज आम्ही त्यानंतर मामलेदारांकडे दिला, कारण नळाने तहान भागते, घर टिकत नाही. त्या अर्जासोबत पंचायतीतील दोन्ही अर्जांच्या शिक्का मारलेल्या प्रती जोडल्या. भाच्याचा पहिला अर्ज माझ्या कपाटात आहे. माझ्याकडे वकिली शिकायला येणाऱ्या मुलांना मी तो वाचायला देतो आणि त्यातले दोन शब्द शोधायला सांगतो. बहुतेकांना "अनधिकृत" लगेच सापडतो. "भाडेकरू"पाशी मात्र फार थोडे थांबतात.