त्या वाक्यातला ‘किंवा’

चौतीस वर्षं वर्गात व्याकरण शिकवलं. त्यामुळे मोबाइलवर उमटलेलं वाक्यसुद्धा मी आधी पदच्छेद करून वाचतो. शिल्लक पाहायला कोड फिरवला की पुष्कळांना हे वाक्य दिसलं असेल:

```
Connection problem or invalid MMI code.
```

एमएमआय म्हणजे मॅन-मशीन इंटरफेस, माणसाने यंत्राला द्यायची खूण. वाक्यातली खरी गोम मात्र ‘ऑर’ मध्ये आहे. विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय! पत्ता चुकलाय, किंवा रस्ता बंद आहे. दोन अगदी निराळ्या गोष्टी फोन एकाच दमात सांगतो आणि त्यातली कोणती खरी ते शोधायचं काम आपल्यावर टाकतो.

गेल्या मे महिन्यात गुहागरला वहिनींकडे गेलो होतो. त्या तिथे एकट्या राहतात. रिचार्ज संपला की बाहेर फोन लागत नाही, आणि मुदत उलटून काही दिवस गेले की येणारेही बंद होतात. म्हणून दर आठवड्याला कोड फिरवून तारीख पाहायची त्यांची शिस्त. महिनाभर त्यांना वरचंच वाक्य दिसत होतं. “भाऊजी, कॉल लागतो, व्हॉट्सॅप चालतं, मग एवढंच का अडतं?” त्यांचा हा प्रश्न अगदी नेमका होता, उत्तर त्यातच दडलेलं होतं.

आधी पत्ता तपासला. कोड त्यांच्याच कंपनीचा होता. (नंबर तोच ठेवून कंपनी बदलली की पुष्कळ जण जुन्याच कंपनीचा कोड फिरवत राहतात, आणि नव्या जाळ्याला तो कळत नाही.) शेवटचा # होता. तो राहिला तर फोन त्याला साधा नंबर समजून कॉल लावायला जातो. दोन सिमं असली तर कोड भलत्याच सिमवरून जाण्याची शक्यता असते, पण वहिनींचं सिम एकच. मग हा आकडा दाबायला सांगितला:

```
*#06#
```

लगेच फोनचा 15 आकडी आयएमईआय क्रमांक दिसला. या कोडाचं उत्तर फोन स्वतःच देतो, जाळ्याला विचारायला जात नाही. म्हणजे डायलर ठणठणीत. राहिला रस्ता.

हा रस्ता कॉलचा नव्हे, इंटरनेटचाही नव्हे. शिल्लक विचारणाऱ्या निरोपाला यूएसएसडी म्हणतात. जास्तीत जास्त 182 अक्षरांचा हा निरोप. एसएमएस वाटेत कुठेतरी थांबून, साठून मागाहून पोचू शकतो. याचं तसं नाही. दारात उभं राहून विचारल्यासारखं आहे, उत्तर तिथल्या तिथे आलं नाही की बोलणंच तुटतं. 2जी-3जीच्या जुन्या जाळ्यात कॉल जोडणाऱ्या यंत्रणेतूनच तो जातो. 4जीमध्ये ती यंत्रणाच नाही, तिथे कॉलसुद्धा डेटा होऊन जातो. म्हणून कोड दाबल्यावर 4जी फोन सहसा काही क्षण जुन्या जाळ्यावर उतरतो, निरोप देतो आणि पुन्हा वर चढतो. वरच्या कोपऱ्यात पाहत राहिलात तर 4G जाऊन E किंवा H येतं आणि परत 4G होतं.

वहिनींच्या फोनवर ते अक्षर हललंच नाही. इथे उलगडा झाला. सुट्टीत आलेल्या नातवाने इंटरनेट जोरात चालावं म्हणून सेटिंगमध्ये ‘LTE only’ करून ठेवलं होतं, म्हणजे फक्त 4जी. खाली उतरायचा जिनाच काढून घेतलेला! कॉल डेटावरून जात होते म्हणून कुणाला संशय आला नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन 2जी-3जीसकट आपोआप निवडणारा पर्याय ठेवला, फोन बंद करून सुरू केला, कोड दाबला. शिल्लक आली, मुदतीची तारीखही आली. तीनच दिवस उरले होते. वहिनींनी आधी नातवाचा उद्धार केला, मग त्यालाच फोन करून रिचार्ज मारायला लावला.

हा इलाज सगळीकडे लागू पडणार नाही, हेही सांगायला हवं. जिओकडे 2जी-3जी जाळंच नाही, तेव्हा उतरायचं कुठे? तिथे शिल्लक ॲपमधून किंवा एसएमएस पाठवून पाहायची. काही ठिकाणी 4जीवरूनच यूएसएसडी नेण्याची सोय असते, पण त्यासाठी फोन आणि कंपनी दोघांचीही तयारी लागते. आणि रेंजच जेमतेम असेल तर निरोप अर्ध्यात तुटतो आणि तेच वाक्य येतं. अशा वेळी कोड बरोबर असूनही एकदा चालतो, एकदा नाही. पत्ता चुकलेला असेल तर तो दर खेपेला चुकतो. तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात जाऊन दोन-तीनदा फिरवून पाहा. वहिनींकडे तुळशीवृंदावनापाशी रेंज बरी येते, त्या आता तिथूनच फिरवतात.