दारं मोजण्याचे दिवस

ट्रेसिंग पेपरवर ज्यांनी नकाशे काढले, त्यांना दारं-खिडक्यांचं शेड्यूल म्हणजे काय हे सांगायला नको. प्लॅन झाला, एलिव्हेशन झालं, सेक्शन झाला, की शेवटी राहायचं ते हेच काम. शीटच्या उजव्या कोपऱ्यात तक्ता आखायचा आणि त्यात खूण, रुंदी, उंची, वर्णन आणि नग असे रकाने भरायचे. सुताराचं कोटेशन, चौकटींची ऑर्डर, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे, सगळं या एका तक्त्यावर चालायचं.

मजला साधा असला तरी काम वेळखाऊ होतं. मजल्यावर दोन बेडरूमचे चार फ्लॅट धरा. मुख्य दार D1, १००० बाय २१००. बेडरूमची दोन दारं D2, ९०० बाय २१००. संडास-बाथरूमची दोन दारं D3, ७५० बाय २१००. म्हणजे फ्लॅटला पाच आणि मजल्याला वीस दारं. अमोनिया प्रिंट टेबलावर पसरायची. एकाने लाल पेन्सिलीने दारावर टिंब करत खूण मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने कागदावर उभ्या रेघा ओढायच्या. चार झाल्या की पाचवी आडवी. मग जागा बदलून दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तरच रोट्रिंग पेन तक्त्याला लागायचं, कारण शाई एकदा बसली की ब्लेडने खरवडावी लागे आणि दोनदा खरवडलेला ट्रेसिंग तिसऱ्यांदा फाटे.

त्या मोजणीत एक गोष्ट आपोआप व्हायची. बोट प्रत्येक दारावर जायचं, त्यामुळे नजरही जायची. हे दार बेसिनवर आपटतंय, हे उलट्या बाजूला उघडायला हवं, या संडासाला ९००चं दार कुणी लावलं, हे सगळं मोजता मोजताच कळायचं. मोजणी आणि तपासणी अशी वेगळी कामं नव्हतीच.

ऑटोकॅड १९८२ सालच्या डिसेंबरात बाजारात आलं, पण आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत ते नव्वदीच्या दशकात पोचलं. डॉसच्या काळ्या पडद्यावर आधी सगळ्यांना कौतुक वाटलं ते रेघा पुसता येण्याचं. शेड्यूलच्या दृष्टीने खरी गोष्ट होती ती ब्लॉकला चिकटणाऱ्या ॲट्रिब्यूटची. दाराची पाख आणि चाप काढायचा, `ATTDEF` ने त्याला `MARK`, `WIDTH`, `HEIGHT`, `TYPE` असे चार टॅग लावायचे आणि सगळ्यांचा मिळून ब्लॉक करायचा. `MARK` दिसतं ठेवायचं आणि बाकी तिन्हींना Invisible करायचं, म्हणजे प्लॅनवर फक्त D1 दिसेल आणि मापं दाराच्या पोटात राहतील. ब्लॉक टाकताना मशीन एकेक किंमत विचारायचं, आपण टाइप करायची. शेड्यूलचा मजकूर असा तक्त्याच्या आधीच नकाशात भरला जायचा.

तो बाहेर काढायची कमांड होती `ATTEXT`. तिला आधी एक टेम्प्लेट फाइल लिहून द्यावी लागे, साध्या टेक्स्टमध्ये:

```
C:QUOTE "
BL:NAME C008000
MARK    C006000
WIDTH   N005000
HEIGHT  N005000
TYPE    C020000
```

`C` म्हणजे अक्षरं, `N` म्हणजे आकडा. पुढचे तीन अंक रकान्याची रुंदी सांगतात आणि शेवटचे तीन दशांश स्थळं. पहिली ओळ कशासाठी, तर ऑटोकॅड एरवी मजकुराला एकेरी अवतरणचिन्ह लावी आणि लोटस १-२-३ ला दुहेरी लागे. या फाइलची शिस्त कडक होती. टॅब चालत नसे, मधली जागा स्पेसनेच भरायची. शेवटच्या ओळीनंतरही एंटर हवाच, नाहीतर ती ओळ वाचली जात नसे. वर्णन वीस अक्षरांपेक्षा लांबलं की ते कापलं जाई. आउटपुटला चुकून टेम्प्लेटचंच नाव दिलं, तर टेम्प्लेट पुसून त्यावर आउटपुट बसे.

एवढं करून मिळायची ती प्रत्येक दाराची एक ओळ. वीस दारं, वीस ओळी. नगांची बेरीज ऑटोकॅड करत नसे. फाइल लोटसमध्ये नाहीतर डीबेसमध्ये घ्यायची, सॉर्ट करायची, मोजायची आणि तयार तक्ता परत हाताने ड्रॉइंगमध्ये टाइप करायचा. तरीही पहिल्यांदा तो आकडा पेन्सिलीच्या रेघांशी जुळला, तेव्हा वाटलेलं समाधान आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही.

पुढे २००२च्या आवृत्तीत विझार्ड आला आणि टेम्प्लेट लिहायची गरज संपली. २००५मध्ये ऑटोकॅडला स्वतःचा टेबल मिळाला. २००८पासून आहे ती `DATAEXTRACTION`, आणि आज सगळं तिच्यावरच चालतं. कमांड दिली की पहिल्या पानावर नवी एक्स्ट्रॅक्शन सुरू करून `.dxe` फाइल सेव्ह करायची. निवडलेल्या सगळ्या सेटिंग त्यात राहतात, पुढच्या नकाशाला तीच वापरता येते. मग कुठून घ्यायचं ते सांगायचं. इथे घाई करू नये. मॉडेल स्पेसमध्ये प्लॅनशेजारी नमुन्याची दारं मांडून ठेवायची अनेकांना सवय असते, आणि संपूर्ण ड्रॉइंग घेतलं तर तीही मोजली जातात. म्हणून चालू ड्रॉइंगमधून ऑब्जेक्ट निवडायचा पर्याय घेऊन फक्त प्लॅनभोवती खिडकी ओढावी.

पुढच्या पानावर `Display blocks with attributes only` वर टिक करून दाराचा ब्लॉक तेवढा ठेवायचा. त्यापुढे गुणधर्मांची लांबलचक यादी येते, रंग, लेअर, X, Y, सगळं. उजवीकडच्या कॅटेगरीतून फक्त `Attribute` ठेवायची. X आणि Y चुकून राहिले, तर प्रत्येक दाराची जागा वेगळी म्हणून प्रत्येकाची ओळ वेगळी होते आणि बेरीज होतच नाही. मग `Combine identical rows` आणि `Show count column` वर टिक. त्यापुढच्या पानावर टेबल ड्रॉइंगमध्ये हवा, की एक्सेलची बाहेरची फाइल हवी, की दोन्ही, ते निवडायचं. कॉफी गार व्हायच्या आत शेड्यूल तयार.

पण आता त्या वीस दारांचा मजला या पद्धतीने काढला, तर हाती काय येतं ते पाहा. असा तक्ता नेहमी दिसतो:

```
Count  MARK  WIDTH  HEIGHT
4      D1    1000   2100
7      D2    900    2100
1      D-2   900    2100
7      D3    750    2100
```

हिशेब सांगतो चार, आठ, आठ. तक्ता सांगतो चार, सात अधिक एक, सात. `D-2` चं कारण डोळ्यांना दिसतं. कुणीतरी मध्ये रेघ टाइप केली आणि मशीनच्या लेखी ते वेगळं दार झालं. शेवटी एक स्पेस राहिली असती तरी अशीच वेगळी ओळ झाली असती, आणि ती तर दिसलीही नसती. एक D3 मात्र गायबच आहे. अशा वेळी प्लॅनवर फिरून टॉयलेटची दारं बघावीत. एका दाराशी D3 च्या जागी `MARK`, `WIDTH`, `HEIGHT`, `TYPE` असे शब्द एकावर एक पडलेले सापडतात. कुणीतरी दार थोडं सरकवायला ब्लॉक `EXPLODE` केलेला असतो. तसं केलं की भरलेली किंमत जाते, नुसता टॅग उरतो आणि ते दार मोजणीतून बाद होतं.

याहून अवघड चूक असते ती बेरीज बरोबर येणारी. बेडरूमचं दार `COPY` करून बाथरूमला लावलं, X स्केल कमी करून ७५०चं केलं, पण आतली किंमत बदलायची राहिली. एकूण वीसच भरतात, फक्त D2 नऊ आणि D3 सात. ॲट्रिब्यूट ही टाइप केलेली अक्षरं आहेत, ती दाराचं माप घेत नाहीत. पडद्यावर ७५०चं दिसणारं दार तक्त्यात ९००चंच राहतं. यावर एक उपाय आहे. तपासणीपुरती दुसरी एक्स्ट्रॅक्शन करावी आणि तिच्यात `Geometry` कॅटेगरीतला `Scale X` रकानाही घ्यावा. एकाच खुणेच्या ओळी वेगवेगळ्या स्केलने फुटल्या, तर तिथे जाऊन पाहावं. उलटं केलेलं दार उणे स्केल दाखवील, ते चिन्ह सोडून आकडा बघायचा.

मजल्याची गोष्टही तीच. इमारत पाच मजल्यांची असली तरी टिपिकल मजला एकदाच काढलेला असतो, म्हणून मशीनला वीसच दारं दिसतात. पाचने गुणून D1 वीस, D2 चाळीस आणि D3 चाळीस, अशी शंभर करायचं काम माणसाचं. पूर्वी तक्त्याच्या वर ‘एका मजल्यासाठी’ की ‘पूर्ण इमारतीसाठी’ हे हेड ड्राफ्ट्समन लिहून घ्यायचा. ती ओळ आज बहुतेक शेड्यूलांतून गेलेली दिसते, आणि सुताराशी होणारे अर्धे वाद तिथूनच निघतात.

जुन्या पद्धतीकडे परत जावं असं मला मुळीच वाटत नाही. क्लायंटने दुपारी दारांची मापं बदलली, तर ॲट्रिब्यूट बदलल्यावर ड्रॉइंगमधला टेबल `DATALINKUPDATE` ने लगेच नवा होतो. खरवडणं नाही, पुन्हा आखणं नाही. फक्त बाहेर काढलेली एक्सेलची फाइल तशी नवी होत नाही, तिचा ड्रॉइंगशी धागा नसतो, म्हणून तिच्यावर तारीख टाकावी आणि बदल झाला की नवी काढावी. पण बोट दारावर ठेवून केलेली ती मोजणी आपण मशीनला दिली तेव्हा नजरही तिच्याबरोबर गेली, हे मान्य करायला हवं. मशीन टाइप केलेलं अचूक मोजतं. टाइप केलेलं बरोबर आहे का, हे त्याला कळायचं कारणच नाही.

म्हणून ऑफिसातल्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे. एक्स्ट्रॅक्शन चालवायच्या आधी कागदाच्या तुकड्यावर फ्लॅट गुणिले दारं हा हिशेब प्रत्येक खुणेसाठी वेगळा लिहून ठेवा आणि तक्ता आला की त्याच्याशी ताडून पाहा. मग प्लॅनची एक प्रिंट काढून लाल पेन्सिलीने प्रत्येक दारावर एकदा तरी टिंब करा. अर्धा तास जाईल, पण सुताराकडे जाणारं शेड्यूल त्यानंतरच पाठवा.