गंगापूरचा ग्राहक जालन्याला

आमचे मसाल्याचे गोदाम दौलताबादेत आहे. किरकोळ विक्री मात्र गावोगावच्या दुकानांतून होते. ‘जवळचे दुकान कोणते?’ या प्रश्नासाठी चिरंजीवांनी आमच्या संकेतस्थळावर नकाशा बसविला आणि पिनकोड टाकण्याची सोय केली. दुसऱ्याच आठवड्यात गंगापूरहून एका भगिनींचा फोन आला : “आपण मला जालन्याला पाठवीत आहात; वैजापूर तर आमच्या शेजारी आहे!”

चूक आमचीच होती. आकडा जवळ ते गाव जवळ, असे आम्ही धरले होते. गंगापूर ४३११०९, जालना ४३१२०३ आणि वैजापूर ४२३७०१. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १९७२ साली सुरू झाली, ती टपालाच्या वर्गवारीसाठी. पहिले तीन अंक टपाल छाटणीचा विभाग सांगतात, अंतर नव्हे.

मग प्रत्येक दुकानाच्या दारात उभे राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपले. पिनकोडच्या क्षेत्राचा मध्यबिंदू घेऊन तेथून प्रत्येक दुकानाचे अंतर मोजले आणि जवळची तीन दुकाने दूरध्वनीसह दाखविली. एका पिनकोडात अनेक खेडी येतात, म्हणून अंतरापुढे ‘सुमारे’ लिहिले. हे अंतर सरळ रेषेतले असते. रस्त्याचे त्याहून अधिक भरते.

आता गंगापूरला वैजापूर आधी दिसते. तरीही नवे दुकान जोडले की मी शेजारच्या तालुक्याचा पिनकोड टाकून पाहतोच.