उरलेल्या वेगाचं गणित

अवकल समीकरणं शिकवताना पडत्या वस्तूचं उदाहरण मी ढगातल्या थेंबावर सोडवतो. वेगाच्या प्रमाणात वाढणारा हवेचा विरोध तिथे खरोखर आढळतो. फळ्यावर लिहायचं एवढंच:

m dv/dt = mg − bv

बहुतेक मुलं लगेच चलं वेगळी करून लॉगरिदम घेतात. उत्तर येतं, पण थेंब खाली फेकलेला असेल आणि सुरुवातीचाच वेग जास्त असेल, तर लॉगच्या आत ऋण संख्या येते आणि वही अडते. म्हणून मी आधी विचारतो, वेग वाढायचा कधी थांबेल? वजन आणि विरोध सारखे झाले की. तो अंतिम वेग V = mg/b. मग v बाजूला ठेवून V गाठायला किती उरलं तेच मोजायचं: u = V − v. समीकरण होतं du/dt = −u/τ, जिथे τ = m/b. उरलेलं अंतर, धन असो वा ऋण, त्याच दराने आटत जातं. थेंब स्थिर स्थितीतून सुटला असेल तर

v = V(1 − e^(−t/τ))

ही रीत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात वेग कुठे स्थिरावणार हे सोडवण्याआधीच कळतं. शिवाय V = gτ, म्हणजे पहिल्या क्षणी वेग gt नेच वाढतो. उत्तर तपासायला तेवढं पुरतं.

आता आकडे. थेंबाची त्रिज्या 10 मायक्रॉन घेऊ. b साठी स्टोक्सचा नियम, 6πηr. हवेची श्यानता सुमारे 1.8 × 10⁻⁵ पास्कल-सेकंद. V येतो सेकंदाला साधारण 1.2 सेंटिमीटर आणि τ जेमतेम सव्वा मिलिसेकंद. वेग वाढण्याचा सगळा खेळ थेंबाच्या स्वतःच्या जाडीइतक्या अंतरातच आटोपतो. पुढे संथ घसरण. एक किलोमीटर उतरायला स्थिर हवेत जवळजवळ दिवस लागेल, आणि वर चढणारा हलकासा प्रवाहही त्याला तोलून धरतो. ढग खाली येत नाहीत ते यामुळेच.

हेच सूत्र पावसाच्या थेंबाला लावलं की बिघडतं. V त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. त्रिज्या शंभरपट, म्हणजे 1 मिलिमीटर केली, तर वेग दहा हजारपट, सेकंदाला 120 मीटर निघतो. तो थेंब प्रत्यक्षात साडेसहा मीटरच्या आसपासच पडतो. समीकरण बरोबर सोडवलेलं असतं, पण bv हे गृहीतकच तिथे लागू नसतं. ते ओळखायला रेनॉल्ड्स अंक काढावा: वेग गुणिले व्यास, भागिले हवेची शुद्धगतिक श्यानता. ढगाच्या थेंबासाठी तो 0.02 पेक्षाही कमी, पावसाच्या थेंबासाठी आठशेच्या वर. एकाच्या बराच खाली असेल तरच रेषीय विरोध धरायचा. पावसाच्या थेंबामागे हवा भोवरे घालते आणि विरोध जवळपास वेगाच्या वर्गाने वाढतो. मग u चं समीकरण रेषीय राहत नाही आणि एका घातांकी पदात उत्तर मावत नाही.