अपॉइंटमेंट एका दिवसाची नसते : आमच्या घरचे सामायिक कॅलेंडर

आज एखाद्या आजाराबद्दल नाही, तर माझ्याच घरी झालेल्या एका चुकीबद्दल लिहिते आहे. रुग्णांना "तारीख नीट लक्षात ठेवा" असे रोज सांगणारी मी, माझ्या सासऱ्यांच्या तपासणीची तारीख असून नसल्यासारखी करून बसले होते.

बाबांचे वय ७१. जिना चढताना दम लागू लागला म्हणून रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९ च्या आसपास. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारे रक्त सापडले. या वयात अशा वेळी मोठे आतडे आतून बघावेच लागते, म्हणजे कोलोनोस्कोपी. मी ओळखीच्या तज्ज्ञांना फोन करून सोमवारी सकाळी ९ ची वेळ घेतली. तयारीच्या सूचनांचा कागद माझ्या पर्समध्ये राहिला. तारीख घरात सगळ्यांना सांगितली होती, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही टाकली होती.

मग काय झाले? शनिवार-रविवार मी परिषदेसाठी नागपूरला गेले. रविवारी नाशिकला नात्यातला साखरपुडा होता, दीर बाबांना आणि आईंना गाडीतून घेऊन गेले. यजमान लेकीच्या शाळेच्या स्पर्धेत. नाशिकला बाबा पंगतीत व्यवस्थित जेवले : कोशिंबीर, मटकीची उसळ, पुरी, सगळे. सोमवारी सकाळी मी घरी पोचले तेव्हा कळले की जुलाबाचे औषध घेतलेलेच नाही आणि लोहाची गोळी तर आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. तपासणी रद्द. पुढची तारीख १६ दिवसांनी, बुधवारची मिळाली. कारण माहीत नसलेला रक्तस्राव असताना हे १६ दिवस मी कसे काढले ते डॉक्टर असल्यामुळे जास्तच चांगले आठवते.

विचार केला तर कुणीच बेजबाबदार नव्हते. प्रत्येकाला आपापला एक तुकडा माहीत होता. तारीख सगळ्यांना, सूचना फक्त मला, साखरपुडा दिरांना, स्पर्धा यजमानांना. चारही गोष्टी एकाच पानावर कुठेच नव्हत्या. व्हॉट्सअॅपवरचा निरोप दुसऱ्या दिवशीच्या सुप्रभातांखाली गाडला गेला होता.

म्हणून आम्ही गुगल कॅलेंडरमध्ये घराचे एक वेगळे कॅलेंडर केले. ते कसे केले आणि कुठे अडलो ते सांगते.

संगणकावर कॅलेंडर उघडून नवे कॅलेंडर तयार केले, नाव दिले "घर". मग त्याच्या `Settings and sharing` मध्ये जाऊन घरातल्यांचे ईमेल जोडले. इथे प्रत्येकाला किती अधिकार द्यायचा ते निवडावे लागते. यजमान, दीर आणि मी यांना `Make changes to events`, म्हणजे नोंद करता आणि बदलता येते. लेकीला आणि अमेरिकेतल्या नणंदेला `See all event details`, म्हणजे फक्त बघता येते. प्रत्येकाला एक ईमेल जाते, त्यातल्या दुव्यावर टिचकी मारल्यावरच कॅलेंडर त्यांच्याकडे दिसू लागते. दिरांनी ती ईमेल आठवडाभर उघडलीच नव्हती. म्हणून जोडल्यावर प्रत्येकाच्या हातातला फोन घेऊन "घर" खरोखर दिसते का, हे एकदा डोळ्यांनी बघा.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वेळी आम्ही फक्त "सोमवार ९, हॉस्पिटल" एवढेच लक्षात ठेवले होते. पण कोलोनोस्कोपी ही एका सकाळची गोष्ट नाही, ती आठवडाभर आधी सुरू होते. नवी तारीख १८ होती. कागद समोर ठेवून मी अशा नोंदी केल्या :

११ तारीख : बाबांची लोहाची गोळी आजपासून बंद. लोहामुळे शौच काळे आणि चिकट होते आणि आतड्याचे अस्तर नीट दिसत नाही.

१५ आणि १६ : कमी चोथ्याचे जेवण. मऊ भात, दही, उकडलेला बटाटा चालेल. पालेभाजी, उसळ, कोशिंबीर, भाकरी, बियांची फळे नाहीत.

१७ पूर्ण दिवस : फक्त पातळ आणि पारदर्शक. पाणी, शहाळ्याचे पाणी, गाळलेले सूप, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नाही, कारण त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो.

१७ संध्याकाळी ६ : औषधाचा पहिला भाग. बाहेर कुठेही जायचे नाही.

१८ पहाटे ४ : औषधाचा दुसरा भाग, ५ पर्यंत संपवणे. त्यानंतर तोंडाने काही नाही.

१८ सकाळी ९ : तपासणी, सोबत भाऊजी. गुंगीचे औषध देतात, त्यामुळे बाबांनी त्या दिवशी एकटे राहायचे नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

हे आमच्या बाबांचे वेळापत्रक आहे, तुमचे नाही. तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर जे असेल तेच लिहा. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधे चालू असतील तर ती कधी आणि किती बदलायची हे आधी विचारा, मनाने काहीही थांबवू नका. आणि त्यांचे उत्तर मिळाले की तीही एक नोंद करा.

नोंदी टाकताच एक गोष्ट लगेच दिसली. १७ तारखेला संध्याकाळी लेकीचे स्नेहसंमेलन होते आणि यजमान व मी दोघेही जाणार होतो. म्हणजे औषध देण्याच्या वेळी घरी फक्त आई. सात दिवस आधी कळल्यामुळे मी घरी थांबायचे आणि यजमानांनी शाळेत जायचे असे ठरले. लेक थोडी रुसली, पण तिला त्यामागचे कारण कॅलेंडरवर दिसत होते.

दुसरी अडचण प्रवासाची. दिरांचे बंगळूरहून परतीचे विमान "१६ तारखेला रात्री १२:४५" असे त्यांनी तोंडी सांगितले होते. आम्ही सगळ्यांनी १६ ची रात्र धरली. कॅलेंडरमध्ये भरताना लक्षात आले की तिकिटावर १७ तारीख आहे. रात्री बारानंतर तारीख बदलते, बोलताना आपण ती बदलत नाही. नशिबाने १८ ला ते घरी असणारच होते. पण तेव्हापासून प्रवासाची नोंद तिकीट बघून करायची, आठवणीने नाही, असा नियम केला. नणंदेशी व्हिडिओवर बोलायचे असले तर तीही वेळ यातच टाकते. इथली संध्याकाळची ७ ची नोंद न्यू जर्सीत तिला उन्हाळ्यात सकाळी ९:३० ची आणि हिवाळ्यात ८:३० ची दिसते, हिशेब कुणालाच करावा लागत नाही.

तिसरी अडचण मात्र मला अपेक्षित नव्हती. ११ तारखेला सकाळी माझा फोन वाजला, "लोहाची गोळी बंद". मी ओपीडीत होते, सगळ्यांचे फोन वाजले असतील असे समजून निश्चिंत राहिले. रात्री आईंना सहज विचारले, "आई, बाबांची ती गोळी बंद केली ना?" त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच दिली की जेवणानंतर!"

कॅलेंडर सामायिक असते, पण आठवणीची घंटा ज्याची त्याची वेगळी असते. मी नोंदीवर लावलेली घंटा माझ्याच फोनवर वाजते. प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये "घर" या कॅलेंडरसाठी ती स्वतः लावावी लागते. आणि आमच्याकडे गोळ्या देणाऱ्या आईंकडे तर साधा फोन आहे. एक दिवसाने फार बिघडले नाही, तज्ज्ञांना विचारून घेतले. पण उपाय करणे भागच होते.

तो उपाय भिंतीवर होता. आई दूध, गॅस सिलिंडर, कामवाल्या बाईंचे खाडे, सगळे कालनिर्णयवर लिहितात. आता दर रविवारी चहाच्या वेळी लेक फोनवरच्या पुढच्या आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचते आणि आई त्या कालनिर्णयवर उतरवतात. दहा मिनिटे लागतात. आठवड्याच्या मध्ये काही बदलले तर ज्याने बदलले त्याने आईंना सांगायचे. त्यांचा कागद काढून घेऊ नका; ज्यांच्या हातात गोळ्यांचा डबा असतो त्यांच्या डोळ्यांसमोर नोंद हवी.

एक गोष्ट बाबांनी शिकवली. "माझ्या पोटाची तपासणी सगळ्या फोनांवर कशाला?" असे ते एकदा म्हणाले. त्यांचे बरोबर होते. आता शीर्षकात फक्त "बाबा, सकाळी ९, सोबत भाऊजी" एवढेच असते, बाकीचे आतल्या तपशिलात. शीर्षक बंद फोनच्या पडद्यावरही दिसते, हे ध्यानात ठेवा. नोंद `Private` केली तरी ज्यांना बदल करण्याचा अधिकार दिला आहे त्यांना ती दिसतेच. म्हणून खरोखर खासगी गोष्ट आपल्या स्वतःच्या कॅलेंडरमध्येच ठेवावी.

रोजच्या गोळ्या मात्र आम्ही यात घालत नाही. दिवसातून चार वेळा वाजणाऱ्या घंटेकडे माणूस आठवड्यात दुर्लक्ष करायला लागतो आणि मग महत्त्वाचीही ऐकू येत नाही. त्यासाठी वारांचा डबाच बरा.

१८ ला तपासणी झाली. आतडे स्वच्छ होते, त्यामुळे एक गाठ, म्हणजे पॉलिप, स्पष्ट दिसली आणि त्याच वेळी काढता आली. अहवालात कर्करोग नव्हता, पण वर्षानुवर्षे तशीच राहिली असती तर होऊ शकला असता अशा प्रकारची ती होती. तज्ज्ञांनी तीन वर्षांनी पुन्हा बघायला सांगितले आहे.

तीन वर्षे! इतक्या लांबची गोष्ट कुणाच्या डोक्यात राहणार? ती नोंद मी हॉस्पिटलमधून निघण्याआधीच केली. घंटा फार तर चार आठवडे आधी लावता येते आणि तेवढा वेळ मला कमी वाटला. म्हणून तीन महिने आधीच्या तारखेला एक स्वतंत्र नोंद टाकली : "बाबांच्या तपासणीची वेळ घ्या." फोन बदलतील म्हणून तेच बाबांच्या फायलीच्या पहिल्या पानावर पेनानेही लिहिले.

तुमच्या घरात येत्या महिन्यात कुणाची तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल, तर सूचनांचा कागद बाहेर काढा आणि त्या तारखेपासून मागे मोजत नोंदी करा. कुणाची गोळी कधी थांबते, उपाशी कधीपासून राहायचे, सोबत कोण, आणि त्याच दिवशी घरात आणखी काय आहे. आणि सगळ्यात शेवटी, गोळ्या देणाऱ्या माणसाला ते दिसते का, हे त्यालाच विचारा.